कांद्याच्या बातमीची संध्याकाळ आणि डेटाबेसची क्षमता: आधी ठरवून घ्यायची की लागेल तशी?

नाशिक जिल्ह्यात बाजारभाव दाखवणारं ॲप बनवायचं ठरवलं, तर वर्दळीचा एक भाग कुणीही आधीच सांगू शकतो. सकाळी लासलगाव, पिंपळगाव बसवंत, चांदवड, येवला इथे लिलाव सुरू झाले की लोक मोबाईल उघडतात, दुपारनंतर गर्दी ओसरते आणि रविवारी शुकशुकाट असतो. दुसरा भाग मात्र कुठल्याच वेळापत्रकात बसत नाही. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, तो शनिवार होता. त्याच वर्षी ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली. अशी बातमी फुटली की शेतकरी, व्यापारी, आडते, गाडीवाले सगळे एकाच वेळी भाव बघायला धावतात. ॲपने नेमकी त्याच वेळी मान टाकली, तर वर्षभर ते नीट चालल्याचं कुणाला काही वाटत नाही.

ॲप छोटं असेल, टीम दोन-तीन जणांची असेल आणि सर्व्हर सांभाळायला वेगळा माणूस नसेल, तर सर्व्हरलेस डेटाबेस घेणं बरोबरच आहे. पण टेबल बनवतानाच तो एक प्रश्न विचारतो, आणि नवीन माणूस तिथे अडतो: क्षमता आधी ठरवून देणार की मागणीप्रमाणे घेणार? मी इथे ॲमेझॉनचा डायनॅमोडीबी धरून चालतो, कारण त्यात ही निवड अगदी उघडी दिसते आणि दर टेबलाला ती स्वतंत्रपणे करता येते.

दोन्ही पद्धतींत नेमका फरक काय

प्रोव्हिजन्ड पद्धतीत तुम्ही सांगता, "मला सेकंदाला इतकी रीड युनिट्स आणि इतकी राइट युनिट्स हवीत." तेवढी क्षमता तुमच्या नावावर राखून ठेवतात आणि तिचं बिल तासावर लागतं, कुणी ॲप उघडो वा न उघडो. ऑन-डिमांडमध्ये आकडा द्यावा लागत नाही. जितकी वाचनं आणि जितकी लेखनं झाली तेवढ्यांचेच पैसे. महिन्याने ठरवलेला छोटा हत्ती आणि गरज पडेल तेव्हा फेरीवर बोलावलेला छोटा हत्ती, असा हा व्यवहार आहे. फेरीचा दर चढा असतोच, पण गाडी दारात उभी राहिली तर भाडं लागत नाही.

तो दर किती चढा आहे, ते एकदा हाताने काढून बघा. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया रीजनचा दर घेऊ. मुंबई रीजन थोडा महाग आहे, तेव्हा शेवटचा हिशोब तिथल्या दरपत्रकावरून करा. एक राखीव राइट युनिट तासाला ०.०००६५ डॉलरला पडतं. ते तासभर पूर्ण वापरलं तर ३,६०० लेखनं होतात. तीच ३,६०० लेखनं ऑन-डिमांडने केली, तर दहा लाखांना ०.६२५ डॉलर या दराने ०.००२२५ डॉलर लागतात, म्हणजे जवळपास साडेतीनपट. वाचनाचं गुणोत्तरही हेच निघतं. यातून कामाचा आकडा मिळतो तो २९ टक्क्यांचा. राखून ठेवलेल्या क्षमतेपैकी सरासरी २९ टक्क्यांहून जास्त खरोखर वापरली जात असेल तर प्रोव्हिजन्ड स्वस्त, त्याहून कमी वापर असेल तर ऑन-डिमांड स्वस्त. नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑन-डिमांडचे दर निम्मे झाले. त्यामुळे त्याआधीच्या लेखांत दिसणारी "ऑन-डिमांड सातपट महाग" ही तुलना आता धरू नका.

पहिली पायरी: ॲप एकदा उघडलं की किती युनिट जातात

कुठली पद्धत घ्यायची हे यानंतर ठरतं, म्हणून इथे घाई करू नका. एक रीड युनिट म्हणजे ४ केबीपर्यंतचं एक पक्कं वाचन. नुकतंच लिहिलेलं कदाचित क्षणभर उशिरा दिसेल एवढी सूट चालणार असेल, तर त्याच वाचनाला अर्धं युनिट लागतं. बाजारभावाला ही सूट खुशाल चालते. लेखनाचं एक युनिट म्हणजे १ केबीपर्यंतची एक नोंद.

आपल्या ॲपच्या पहिल्या स्क्रीनवर आजचे १२ बाजार समित्यांचे भाव आहेत: आवक, किमान, कमाल, सरासरी. प्रत्येक नोंद ३०० बाइटची धरू. तारीख ही पार्टिशन की, म्हणजे नोंदी ज्यावरून एकत्र ठेवल्या जातात तो रकाना, ठेवून एकाच `Query` मध्ये बाराही नोंदी आणल्या, तर त्यांच्या आकारांची आधी बेरीज होते: ३,६०० बाइट. ही बेरीज ४ केबीच्या आत आहे, म्हणून सगळे मिळून अर्धं युनिट. त्याच बारा नोंदी `GetItem` ने एकेक करून आणल्या तर प्रत्येक नोंद वेगळी वरच्या ४ केबीला पूर्णांकित होते आणि सहा युनिट जातात. `BatchGetItem` वापरलं तरी सहाच, कारण त्यातही प्रत्येक नोंद वेगळी मोजतात. म्हणजे स्क्रीन तीच, माहिती तीच आणि बिल बारापट.

मराठीत माहिती साठवणाऱ्याने आणखी एक गोष्ट बघायची. आकार यूटीएफ-८ बाइटमध्ये मोजतात आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं. `Lasalgaon` ला ९ बाइट लागतात, `लासलगाव` ला २१. रकान्याचं नावही दर नोंदीत मोजलं जातं: `avg` चे ३ बाइट, `सरासरी` चे १८. नोंद ३०० ऐवजी ४०० बाइटची झाली तर बारा नोंदी ४,८०० बाइटवर जातात, ४ केबीची रेघ ओलांडली जाते आणि अर्ध्याचं एक युनिट होतं. म्हणून रकान्यांची नावं छोटी आणि इंग्रजी ठेवा, बाजाराला एखादा कोड द्या आणि मराठी नाव ॲपमध्येच ठेवा.

दुसऱ्या स्क्रीनवर निवडलेल्या बाजाराचा ३० दिवसांचा आलेख आहे. त्याच्या ३० नोंदी म्हणजे ९,००० बाइट, तीन वेळा ४ केबी, म्हणजे दीड युनिट. एकूण एका उघडण्याला दोन युनिट. हा अंदाज तपासायचा असेल तर विनंतीत `ReturnConsumedCapacity` ला `TOTAL` द्या, उत्तरासोबत खरा खर्च छापून येतो.

दुसरी पायरी: खरी वर्दळ बघा, मिनिटामिनिटाची

टेबल आधीच चालू असेल तर क्लाउडवॉचमधून, म्हणजे ॲमेझॉनच्या वापराचे आकडे नोंदवणाऱ्या सेवेतून, वापर काढा. तारखा गेल्या १५ दिवसांतल्या टाका:

```
aws cloudwatch get-metric-statistics \
  --namespace AWS/DynamoDB \
  --metric-name ConsumedReadCapacityUnits \
  --dimensions Name=TableName,Value=Bhav \
  --start-time 2025-09-01T00:00:00Z \
  --end-time 2025-09-02T00:00:00Z \
  --period 60 --statistics Sum
```

यात तीन ठिकाणी पाय घसरतो. `Sum` ही पूर्ण मिनिटाची बेरीज असते, आणि क्षमता मात्र सेकंदाची ठरवायची असते, म्हणून आकड्याला ६० ने भागा. न भागता तो आकडा क्षमता म्हणून टाकला तर साठपट भाडं भराल. दुसरं, वेळ यूटीसीमध्ये येते. आपले सकाळचे साडेनऊ तिथे पहाटेचे चार दिसतात. तिसरं, एका मिनिटाच्या बारकाईचे आकडे १५ दिवसच टिकतात, त्यानंतर ते ठोकळ होत जातात. बातमीचा दिवस येऊन गेला तर त्याचे आकडे लगेच काढून ठेवा, पुढच्या हंगामात तेच कामाला येतील.

तिसरी पायरी: साध्या दिवसाचा हिशोब

धरून चालू की साध्या दिवशी ॲप ३ लाख वेळा उघडतं. म्हणजे दिवसाला ६ लाख युनिट आणि महिन्याला १ कोटी ८० लाख. ऑन-डिमांडने दहा लाखांना ०.१२५ डॉलर, म्हणजे महिन्याचे सव्वादोन डॉलर.

आता प्रोव्हिजन्ड. लिलावाच्या सर्वांत गर्दीच्या मिनिटाला सेकंदाला ३० उघडणी होतात असं समजू. म्हणजे ६० युनिट. क्षमता काठोकाठ भरू द्यायची नसते. ७० टक्के भरलेली राहील असं धरलं तर ८६ युनिट राखावी लागतात. ८६ युनिट, ७२० तास, तासाला ०.०००१३ डॉलर: महिन्याचे आठ डॉलर. दिवसभराची सरासरी सेकंदाला जेमतेम ७ युनिट आहे, म्हणजे राखलेल्यापैकी ८ टक्केच वापर. २९ च्या रेघेच्या पुष्कळ खाली.

ऑटो स्केलिंग लावलं तर क्षमता वर्दळीमागे वरखाली होते, आणि ते अगदी आदर्श चाललं तर हेच बिल एक डॉलरच्या आसपास उतरू शकतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ऑन-डिमांड नेहमीच स्वस्त असतं असा समज करून घेऊ नये. प्रश्न असा की तो वाचलेला सव्वा डॉलर कुठल्या संध्याकाळी वसूल होतो.

चौथी पायरी: बातमीची संध्याकाळ प्रोव्हिजन्डवर चालवून बघा

शनिवारची संध्याकाळ. वर्दळ नेहमीची, सेकंदाला ६ युनिटच्या आसपास. क्षमता ८६, ऑटो स्केलिंगने ती आधी उतरवलेली नाही असं धरू. बातमी येते आणि एक-दोन मिनिटांत उघडणी सेकंदाला ६०० वर जातात, म्हणजे १,२०० युनिट.

पहिले काही सेकंद काहीच बिघडत नाही, आणि नवीन माणूस इथेच फसतो. न वापरलेली क्षमता डायनॅमोडीबी पाच मिनिटांपर्यंत शिल्लक ठेवतो. सेकंदाला ८० युनिट, ३०० सेकंद, म्हणजे सुमारे २४,००० युनिटची शिल्लक. पण आता तूट सेकंदाला १,११४ ची आहे. शिल्लक २१-२२ सेकंदांत संपते. त्यानंतर दर शंभर विनंत्यांपैकी ९० हून अधिक परत फिरतात आणि लॉगमध्ये `ProvisionedThroughputExceededException` ची रांग लागते. ॲपची लायब्ररी परत परत प्रयत्न करत राहते, लोक स्क्रीन खाली ओढून रिफ्रेश करतात, आणि ६०० चे आणखी वाढतात.

मग ऑटो स्केलिंग काय करतं? क्षमता वाढवण्याआधी वापर ठरवलेल्या लक्ष्याच्या, म्हणजे आपल्या ७० टक्क्यांच्या, वर सलग दोन मिनिटं असावा लागतो. त्यात क्लाउडवॉचचे आकडे पोचायला आणि टेबल बदलायला वेळ लागतो तो वेगळाच. आणखी मोठी अडचण अशी की ते बघतं तो झालेला वापर. नाकारलेल्या विनंत्या त्यात धरल्याच जात नाहीत. शिल्लक संपल्यावर त्याला दिसतं की ८६ पैकी ८६ वापरले, म्हणजे १०० टक्के. ७० टक्क्यांवर आणायचं तर ढोबळमानाने १२३ हवेत. म्हणून ते १२३ करतं. तेही लगेच भरतात, मग १७५, मग २५०. खरी मागणी १,२०० आहे हे त्याला कळायला बरीच मिनिटं जातात. वर कमाल मर्यादा ३०० टाकून ठेवली असेल तर ते तिथेच थांबतं.

वेळापत्रकाने क्षमता वाढवण्याची सोय आहे. सोमवार ते शनिवार, लिलावाच्या आधी अर्धा तास असं लावता येतं आणि सकाळच्या गर्दीला ते उत्तम चालतं. शनिवारी संध्याकाळी येणारा निर्णय मात्र कुठल्या वेळापत्रकात लिहिणार?

बातमी आल्यावर घाईघाईने ऑन-डिमांडवर जाऊ, असा बेतही करू नका. बदल पूर्ण व्हायला काही मिनिटं लागतात, आणि प्रोव्हिजन्डवरून ऑन-डिमांडवर २४ तासांत चारच वेळा जाता येतं. जायचं असेल तर शांत दिवशी जा:

```
aws dynamodb update-table --table-name Bhav \
  --billing-mode PAY_PER_REQUEST
```

हीच संध्याकाळ ऑन-डिमांडवर कशी जाईल? नवं ऑन-डिमांड टेबल सुरुवातीपासून सेकंदाला १२,००० रीड युनिट आणि ४,००० राइट युनिट पेलतं. पुढे वर्दळ वाढत गेली तर ते आधीच्या शिखराच्या दुपटीपर्यंत लगेच साथ देतं. अर्ध्या तासाच्या आत त्या दुपटीपलीकडे उडी मारली तरच अडवणूक होऊ शकते. आपली १,२०० युनिट यात सहज बसतात. आणि तासभर अशी झुंबड चालली तर ४३ लाख २० हजार युनिट होतात, त्यांचे ५४ सेंट. माझ्या मते या टेबलाचा निर्णय इथेच झाला.

ऑन-डिमांडसुद्धा जिथे हात टेकतं

एक मर्यादा दोन्ही पद्धतींना सारखीच आहे, आणि नाशिकच्या ॲपला ती लागण्याची शक्यता जास्त. डेटा पार्टिशनमध्ये विभागलेला असतो. एक पार्टिशन सेकंदाला ३,००० रीड युनिट आणि १,००० राइट युनिटच देतं. बातमी आली की जिल्हाभरचे लोक काय उघडतात? लासलगावचा आलेख. सगळी वाचनं एकाच कीवर येऊन आदळतात. एका आलेखाला दीड युनिट, तेव्हा सेकंदाला २,००० उघडण्यांवर ती की भरते. त्या वेळी पूर्ण टेबलाचा वापर ४,००० युनिट असतो, १२,००० पासून पुष्कळ दूर. तापलेलं पार्टिशन डायनॅमोडीबी पुढे विभागू शकतो, पण ते त्या सेकंदाला होत नाही.

ओळखायचं असं: `ReadThrottleEvents` वर चढतंय आणि `ConsumedReadCapacityUnits` मात्र टेबलाच्या क्षमतेच्या खूप खाली आहे. अशा वेळी दोन शक्यता असतात. एक म्हणजे ही तापलेली की. दुसरी, एखाद्या सेकंदात आलेला झटका मिनिटाच्या सरासरीत विरून गेलेला असणं. दुसऱ्या प्रकारात थ्रॉटल, म्हणजे परत फिरवलेल्या विनंत्या, तुरळक असतात आणि पुनर्प्रयत्नात निभावून जातात. पहिल्यात ते सतत येत राहतात आणि एकाच बाजारच्या वापरकर्त्यांना भोगावे लागतात.

क्षमता वाढवून यावर उपाय होत नाही. भाव दिवसातून मोजक्या वेळा बदलतो, मग तो दर उघडण्याला डेटाबेसमधून वाचायचाच कशाला? आलेखाचं उत्तर मध्ये ३० सेकंद कॅश करा, सीडीएनवर, म्हणजे उत्तराची प्रत ठेवून वाटणाऱ्या मधल्या सर्व्हरांवर, किंवा डेटाबेसला विचारणाऱ्या फंक्शनच्या मेमरीत. सीडीएनवर केलंत तर हजारो उघडण्यांची मूठभर वाचनं होतात. बातमीच्या दिवसासाठी एकच काम करायला वेळ असेल तर मी पद्धत बदलण्याआधी हे करीन.

बिलाला कुंपण

ऑन-डिमांडची खरी भीती वापरकर्त्यांच्या गर्दीची नसते. आपल्याच कोडमध्ये एखादं लूप चुकलं, किंवा कुणी बाहेरून रात्रभर भाव ओरबाडत बसलं, तर डेटाबेस निमूटपणे सगळं पुरवत राहतो. म्हणून टेबलाला कमाल मर्यादा घाला:

```
aws dynamodb update-table --table-name Bhav \
  --on-demand-throughput \
  MaxReadRequestUnits=3000,MaxWriteRequestUnits=50
```

३,००० युनिट तासभर जळली तर १ डॉलर ३५ सेंट, चोवीस तास जळली तर साधारण ३२ डॉलर. हे वाईटात वाईट चित्र डोळ्यांसमोर ठेवून आकडा ठरवा. बातमीच्या शिखराच्या, म्हणजे आपल्या १,२०० च्या, दुपटीहून थोडा वर असा ठेवला की खरी गर्दी अडत नाही. ही मर्यादा काटेकोर भिंत नाही, थोडीफार ओलांडली जाऊ शकते, म्हणून सोबत बजेटचा अलार्मही लावा. नुसत्या अलार्मवर विसंबू नका, कारण बिलाचे आकडे उशिरा येतात.

त्याच टीमचं दुसरं टेबल, उलट उत्तर

समजा याच टीमकडे द्राक्षबागांच्या हवामान सेन्सरचं कामही आहे. दिंडोरी, निफाड भागात २,००० सेन्सर, प्रत्येक जण मिनिटाला एक छोटी नोंद पाठवतो: तापमान, आर्द्रता, पानावरचा ओलावा. ही वर्दळ रात्रंदिवस एकसारखी असते. सेकंदाला ३३ लेखनं, महिन्याला ८ कोटी ६४ लाख. ऑन-डिमांडने ५४ डॉलर. ७० टक्के भरावाच्या हिशोबाने ४८ राइट युनिट राखली तर साडेबावीस डॉलर. वापर ७० टक्के आहे, २९ च्या कितीतरी वर, आणि तो तसाच राहणार हेही माहीत आहे. इथे प्रोव्हिजन्ड घ्या.

फक्त सेन्सर नेमक्या शून्याव्या सेकंदाला एकदम नोंद पाठवत नाहीत ना, ते आधी बघा. दोन हजार लेखनं एकाच सेकंदात आली तर मिनिटाची सरासरी ३३ दिसेल आणि शिल्लक संपत आली असेल त्या मिनिटाला नोंदी परत फिरतील. प्रत्येक सेन्सरला ० ते ५९ मधला आपापला सेकंद नेमून द्या.

आणि या टेबलावर तालुकावार बघण्यासाठी ग्लोबल सेकंडरी इंडेक्स, म्हणजे त्याच नोंदी दुसऱ्या कीने शोधायची जोडप्रत, लावलात, तर प्रोव्हिजन्डमध्ये त्या इंडेक्सची क्षमता वेगळी द्यावी लागते. मूळ टेबलाला ४८ दिली आणि इंडेक्सला ५ च ठेवली, तर इंडेक्स मागे पडतो आणि मूळ टेबलाची लेखनंच अडवली जातात. त्यात तालुका हीच इंडेक्सची की असेल तर निफाडच्या सगळ्या बागा एकाच कीवर लिहितात. म्हणून थ्रॉटल दिसले की आलेख टेबलाचा बघा, आणि लगेच `GlobalSecondaryIndexName` निवडून इंडेक्सचाही बघा. टेबलाच्या आलेखात क्षमता मोकळी दिसते आणि नोंदी तरी परत येतात, तेव्हा बहुतेक वेळा अडचण या इंडेक्समध्येच सापडते.